चार वर्षांच्या मुलाला डॉक्सीसायक्लिन : चिठ्ठीत चूक आहे की आपलीच समजूत जुनी?

मेडिकलवाली_सुखलिया
आज दुपारी दुकानात एक चिठ्ठी आली. मुलगा चार वर्षांचा, वजन १४ किलो, आणि औषध डॉक्सीसायक्लिन ३० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, ७ दिवस. कुटुंब सिमरोलच्या बाजूचं, घर सोयाबीनच्या शेताला लागूनच. ताप सात दिवसांचा, प्लेटलेट ६२ हजार, डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह, चार दिवस सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन टोचून झालं तरी ताप १०३च्या खाली येत नव्हता. मग मुलाला आंघोळ घालताना नर्सला त्याच्या काखेत एक काळी खपली दिसली आणि डॉक्टरांनी औषध बदललं. आता मुलाला घरी सोडलंय.

बापाने माझ्यासमोरच मोबाइल काढून दाखवलं, "ताई, इथे तर लिहिलंय आठ वर्षांखाली देऊ नये." आम्हीही डी. फार्मला हेच पाठ केलंय. डॉक्टरांना फोन लावला तर ते म्हणाले, "बरोबर लिहिलंय, द्या." दिलं. पण समजून घ्यायचंय : बंदी होती कशासाठी, आणि इथे ती का लागू नाही? दुसरं म्हणजे १०० च्या गोळीतून ३० मिलिग्रॅम घरच्यांनी काढायचं कसं? मी तूर्त पाव गोळी सांगितली आहे.

विनायक_काका
चूकच आहे. टेट्रासायक्लिनच्या घराण्यातलं कुठलंही औषध लहान मुलाला दिलं की दात पिवळे होणार, हे आमच्या काळापासून ठरलेलं आहे. आणि मर्यादा आठ नाही, बारा वर्षांची आहे.

राजवाडा_७
काका, तुमच्या काळी सराफ्यात जिलबी खाऊनसुद्धा दात पांढरेच राहायचे म्हणे 😄

दंतकथा
काका, निम्मं बरोबर आहे. बारा ब्रिटनमधली मर्यादा, आठ अमेरिकेतली, आपल्याकडच्या पाकिटांवर दोन्ही सापडतात. आकडा वेगळा असला तरी कारण एकच, ते दातांच्या बाजूने सांगतो.

जुनं टेट्रासायक्लिन कॅल्शियमला चिकटतं. दात हिरडीच्या आत तयार होत असताना त्यात कॅल्शियम भरत असतं, त्यासोबत हे औषधही आत जाऊन बसतं आणि कायमचं अडकतं. दात उगवतो तेव्हा पिवळा दिसतो. पुढे उजेड लागून औषधाचा रंग बदलतो आणि दात तपकिरी पडतो. म्हणून समोरचे दात जास्त काळपट आणि मागच्या दाढा अजून पिवळसर, असं चित्र दिसतं. तयार झालेल्या दाताला काही होत नाही. समोरच्या कायमच्या दातांचे मुकुट चार-पाच वर्षांपर्यंत भरून होतात, बाकीचे साधारण आठपर्यंत, अक्कलदाढ सोडून. आठचा आकडा तिथून आला.

आता डॉक्सीसायक्लिन. हे त्याच घराण्यातलं, पण कॅल्शियमला जुन्या टेट्रासायक्लिनच्या जवळपास निम्मंच चिकटतं. शिवाय ते दिवसातून दोनदा आणि थोडे दिवस दिलं जातं, जुनं औषध चार-चार वेळा आणि वारंवार दिलं जायचं. अमेरिकेत इशारा छापला गेला १९७०च्या सुमारास, तो टेट्रासायक्लिनमुळे खराब झालेल्या दातांवरून. डॉक्सीसायक्लिन तेव्हा नुकतंच बाजारात आलं होतं, तेही त्याच वाक्याखाली गेलं.

मनीषा_महू
थांबा, मग माझ्या मुलीला पण कुणीतरी हेच दिलं असणार! समोरच्या दातांवर पांढरे-पिवळे डाग आहेत. आम्ही पाच वर्षं धारकडे होतो, तेव्हा तापाला बऱ्याच गोळ्या झाल्या. आता कुणाला विचारायचं?

दंतकथा
मनीषाताई, धार-झाबुआकडे बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड खूप असतं, आधी ते बघा. फ्लोराइडचे डाग खडूसारखे पांढरे, ढगाळ, कडा पुसट, आणि डाव्या-उजव्या दातांवर सारखे असतात. जास्त असेल तर वर तपकिरी ठिपके. टेट्रासायक्लिनचा रंग दाताच्या आतून येतो, आडवा पट्टा दिसतो, आणि तो पट्टा आजारपणाच्या वयात दाताचा जो भाग तयार होत होता तिथेच असतो. अंधारात अतिनील दिव्याखाली धरला तर असा दात पिवळा चमकतो. तुमच्या वर्णनावरून मला पाण्याचा संशय जास्त आहे, पण प्रत्यक्ष दाखवा.

मनीषा_महू
पाच वर्षं बोअरवेलचंच पाणी प्यायलो. बरं, दाखवते.

बालरोग_इंदूर
मेडिकलवाली ताई, तुमच्या डॉक्टरांनी योग्य औषध लिहिलं आहे, आणि माझ्या मते उशिराच लिहिलं.

शेतालगतचं घर, पावसाळ्याच्या शेवटचा ताप, प्लेटलेट खाली, डेंग्यू नाही, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला दाद नाही आणि काखेत वेदनारहित काळी खपली. एवढं सगळं जुळलं की पहिलं नाव स्क्रब टायफसचं घ्यायचं. गवतातल्या चिगर माइटची अळी चावते, अगदी बारीक, चावल्याचं कळत नाही. ती चावते तिथे काळी खपली आणि भोवती लालसर कडा राहते, सिगारेटचा चटका बसल्यासारखी. खाज नाही, दुखत नाही, म्हणून मूल सांगत नाही. काखेत, जांघेत, कानामागे, चड्डीच्या नाडीखाली, जननेंद्रियांजवळ शोधावी लागते, कपडे पूर्ण काढून, उजेडात. खपली नाही दिसली तरी आजार नाही असं होत नाही.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालत नाही याचं कारण हा जंतू पेशीच्या आत राहतो, आणि ते औषध जंतूच्या भिंतीवर काम करतं. या जंतूला तशी भिंत जवळपास नाहीच. डॉक्सीसायक्लिन पेशीत शिरतं आणि जंतूची प्रथिनं बनवणं बंद पाडतं. दिल्यावर ४८ तासांत ताप उतरायला लागणं हीच त्याची खूण. तसं झालं नाही तर निदान पुन्हा तपासायचं.

तपासणीचा रिपोर्ट यायची वाट बघायची नसते. स्क्रबची आयजीएम ही रक्ततपासणी पहिल्या पाच-सहा दिवसांत बऱ्याचदा निगेटिव्ह असते. उशीर झाला तर फुप्फुस, मेंदू, हृदय, मूत्रपिंड, काहीही धरतं. मूल त्यात जाऊ शकतं. त्यापुढे दाताचा थोडा रंग म्हणजे फारच स्वस्त किंमत, आणि तीही बहुधा द्यावी लागत नाही.

विनायक_काका
"बहुधा" म्हणजे? पुरावा काय?

बालरोग_इंदूर
अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या आदिवासी वस्तीत रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर नावाचा याच जातकुळीचा ताप आहे. तिथल्या ५८ मुलांना आठ वर्षांच्या आत डॉक्सीसायक्लिन दिलं गेलं होतं. त्यांचे कायमचे दात न दिलेल्या २१३ मुलांच्या दातांशी ताडून पाहिले. टेट्रासायक्लिनसारखा डाग एकाच्याही दातावर दिसला नाही. २०१५ साली हे छापून आलं. ५८ हा आकडा मोठा नाही, हे मान्य. पण २०१८ पासून अमेरिकन बालरोग अकादमी म्हणते की २१ दिवसांपर्यंतचा कोर्स कुठल्याही वयात देता येतो. आपल्याकडे स्क्रबसाठी लागतात सातेक दिवस.

उलटं, मुरुमांसारख्या गोष्टीसाठी महिनोन्‌महिने द्यायचं असेल तर लहान मुलात मी अजूनही देणार नाही. २१ दिवसांची हमी म्हणजे तीन महिन्यांची हमी नव्हे.

अभय_वडोदरा
म्हणजे माझ्या भाच्याला चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी दोन महिने दिलंय ते चुकीचं? तो सोळाचा आहे. वहिनी घाबरल्यात.

दंतकथा
सोळाव्या वर्षी दात तयार झालेले असतात हो. तिथे दातांचा प्रश्नच येत नाही. उन्हात अंग भाजल्यासारखं होणं आणि गोळी घशात अडकणं याची काळजी घ्या. धागा लहान मुलांचा आहे 🙂

मेडिकलवाली_सुखलिया
मग आता माझा दुसरा प्रश्न. पाव गोळी सांगून मी चूक केली का?

बालरोग_इंदूर
थोडी. ४५ किलोखालच्या मुलाला दर वेळी किलोमागे २.२ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. १४ गुणिले २.२ म्हणजे ३०.८, म्हणून ३० लिहिलंय. पाव गोळी म्हणजे २५, किलोमागे १.८ पण होत नाही. शिवाय घरी सुरीने कापलेली पाव गोळी कधी वीसची, कधी तीसची निघते.

साधी रीत अशी. १०० ची एक गोळी वाटीत घ्या, त्यावर ५ मिलीच्या सिरिंजने चार वेळा, म्हणजे बरोबर २० मिली पाणी घाला. पाच मिनिटं भिजू द्या, चमच्याच्या पाठीने चांगली चिरडा. आता १ मिलीत ५ मिलिग्रॅम झालं. नीट ढवळा आणि गाळ खाली बसायच्या आत लगेच ६ मिली ओढा. तेच तुमचं ३० मिलिग्रॅम. उरलेलं टाकून द्या, प्रत्येक वेळी नवं करा. चव कडू असते, तेव्हा ते ६ मिली चमचाभर सरबतात मिसळून पाजलं तर चालतं. मात्र सगळंच पोटात गेलं पाहिजे, ग्लासभर सरबतात घालून अर्धं सोडून दिलं असं नको.

नंतर अर्धा कप पाणी आणि अर्धा तास मूल उठून बसलेलं राहिलं पाहिजे. झोपताना दिलं आणि लगेच आडवं केलं तर औषध अन्ननलिकेला चिकटतं, तिथे जखम होते, आणि दोन दिवसांनी मूल गिळताना रडतं. घरचे समजतात ताप वाढला.

मेडिकलवाली_सुखलिया
एक अडचण. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या ब्रँडमध्ये डॉक्सीसोबत लॅक्टोबॅसिलस घातलेलं असतं. काही कॅप्सूल आहेत, काही कोटिंगवाल्या गोळ्या. कुठलं द्यायचं?

बालरोग_इंदूर
साधी, एकट्या डॉक्सीची, चिरडता येईल अशी गोळी. पाण्यात विरघळणारी मिळाली तर उत्तमच. लॅक्टोबॅसिलसने औषधाचं काही बिघडत नाही, पण भुकटी जास्त होते आणि सिरिंजच्या तोंडाशी गठ्ठा अडकतो. पाकिटावर मोनोहायड्रेट असेल तर ते पाण्यात कमी विरघळतं, ओढायच्या आधी जास्त ढवळायला सांगा.

दुधाबरोबर दिलं तर थोडं कमी शोषलं जातं, साधारण पाचवा हिस्सा, तेवढ्याने अडत नाही. मळमळ होत असेल तर थोडं खाऊ घालून द्या. मात्र लोहाचं सिरप आणि अ‍ॅसिडिटीचं गुलाबी औषध दोन-तीन तास लांब ठेवा. आणि दिल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर तोच डोस पुन्हा.

मेडिकलवाली_सुखलिया
बापाचा नंबर आहे. आत्ताच फोन करते. लोहाचं सिरप माझ्याच दुकानातून गेलंय त्याच्याबरोबर!

स्लाइडखाली
लॅबवाल्याच्या नजरेतून एक मतभेद नोंदवतो. सात दिवसांचा ताप, खपली दिसली नाही आणि टायफॉइडही नाकारता येत नाही, अशा मुलाला मी आधी अ‍ॅझिथ्रोमायसिन निवडेन. किलोमागे १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. स्क्रबवर चालतं आणि टायफॉइडवरही. डॉक्सी टायफॉइडला उपयोगाचं नाही. दातांचं भांडणही वाचतं.

बालरोग_इंदूर
खपली नसेल आणि मूल गंभीर नसेल तर मलाही मान्य. पण दुसऱ्या बाजूने बघा. शेतात पाणी तुंबलेलं असतं, तेव्हा लेप्टोस्पायरोसिसही यादीत असतो, त्यावरही डॉक्सी चालतं. शिवाय अ‍ॅझिथ्रोमायसिन खोकल्यापासून जुलाबापर्यंत सगळ्याला वाटलं जातंय, उद्या टायफॉइडलाच ते चालेनासं झालं तर? मूल दम लागलेलं किंवा गुंगीत असेल तर मी डॉक्सीच देतो, शिरेतून.

स्लाइडखाली
गंभीर स्क्रबमध्ये दोन्ही एकत्र शिरेतून दिलेलं बरं, असा भारतातला अभ्यास २०२३ मध्ये आला. एकेकट्यापेक्षा जोडी सरस ठरली.

बालरोग_इंदूर
त्यात सगळे रुग्ण १५ वर्षांपुढचे होते. चार वर्षांच्या मुलाला तोच निष्कर्ष लावायचा का, यावर आमच्यातच एकमत नाही. मी प्रत्येक मुलाला जोडी देत नाही. काही सहकारी देतात.

राजवाडा_७
डॉक्टरांचं एकमत फक्त एका गोष्टीवर, पोहे-जिलबीनंतर अँटासिड 😄

विनायक_काका
बरं, डॉक्सी मान्य. मग ओफ्लोक्सासिन पण चालेल ना? ते तर सर्रास मुलांना जुलाबात देतात. बाटलीवर बाळाचं चित्र असतं. हाडं ठिसूळ होतात म्हणतात ते खोटंच असणार.

बालरोग_इंदूर
काका, दोन्ही एकाच यादीत छापलेली असतात म्हणून कारणही एकच असेल असं धरू नका. डॉक्सीत जुनी भीती अर्धी चुकीची निघाली. ओफ्लोक्सासिनच्या घराण्यात, म्हणजे फ्लोरोक्विनोलोनमध्ये, भीती वेगळ्या ठिकाणी सरकली.

हाडं नाहीत, कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी. सत्तरच्या दशकात याच घराण्यातलं जुनं नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड आणि त्याच्या पुढची औषधं दिलेली बीगल जातीच्या कुत्र्यांची पिल्लं लंगडताना दिसली. भार पडणाऱ्या सांध्यांमध्ये, गुडघा, खांदा, कूर्चेवर फोड आले होते. ही औषधं मॅग्नेशियमला धरून ठेवतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, पोषण हळू झिरपून येतं, तिथे मॅग्नेशियम कमी पडलं की पेशी ढासळतात. आहारातून मॅग्नेशियम काढून टाकलेल्या उंदरांच्या पिल्लांमध्ये तसेच फोड दिसले, त्यावरून हा अंदाज बळावला.

माणसाच्या मुलात एवढं नाही होत. सिप्रोफ्लोक्सासिनच्या मुलांवरच्या चाचणीत सहा आठवड्यांत सांध्यांच्या तक्रारी ९.३ टक्क्यांना, दुसरं औषध दिलेल्यांत ६ टक्क्यांना. म्हणजे फरक आहे, पण बहुतेकांचं दुखणं औषध थांबल्यावर गेलं. म्हणून हे विष नाही, आणि बाळाचं चित्र छापून वाटायचं औषधही नाही.

स्लाइडखाली
माझी खरी तक्रार सांध्यांची नाही. ताटलीवर बघतो ना, इथल्या टायफॉइडच्या जंतूंवर सिप्रो-ओफ्लोक्सासिन फार कमी वेळा नीट चालतं. दोन वर्षांच्या मुलाच्या जुलाबाला, जो बहुतेकदा विषाणूचा असतो, ओफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची बाटली दिली की जुलाबाला फायदा शून्य आणि आतड्यातले जंतू मात्र शिकून घेतात. दुसरा तोटा तर दिसतच नाही. ही औषधं क्षयाच्या जंतूवर थोडीफार चालतात. क्षय असलेल्या मुलाला मध्येच आठ-दहा दिवस पडली की ताप थोडा दबतो, कल्चर निगेटिव्ह येतं, आणि निदान महिनाभर पुढे जातं.

मेडिकलवाली_सुखलिया
दिवसाला दहा-बारा जण "लूज मोशनवाली पिवळी बाटली" मागतात. चिठ्ठी नसतेच. नाही दिली तर शेजारच्या दुकानात जातात.

मनीषा_महू
मग मुलाला जुलाब लागले तर द्यायचं काय?

बालरोग_इंदूर
ओआरएस आणि झिंक. सहा महिन्यांपुढे झिंक २० मिलिग्रॅम, त्याआधी १०, १४ दिवस, जुलाब थांबले तरी. शौचातून रक्त येत असेल तर दाखवायचं, तिथे प्रतिजैविक लागतं. एके काळी जागतिक आरोग्य संघटनेनेच रक्ताच्या आवेवर मुलांना सिप्रो, किलोमागे १५ मिलिग्रॅम दोनदा, ३ दिवस सांगितलं होतं. आता आपल्याकडच्या जंतूंवर त्याचा भरवसा राहिला नाही, म्हणून मी ते डोळे मिटून लिहीत नाही.

विनायक_काका
मग मुलाला हे द्यायचं तरी कधी?

बालरोग_इंदूर
माझ्या हातून लिहिलं जातं ते दोनदाच. एक, लघवीच्या मार्गात जन्मजात दोष असलेलं मूल, कल्चरमध्ये स्यूडोमोनास नावाचा जंतू, आणि तोंडाने देता येईल असं दुसरं काही रिपोर्टमध्ये उरलेलंच नाही. मग सिप्रो देतो म्हणजे दहा दिवस भरती होऊन सुया टोचायच्या नाहीत. घरच्यांना सांगून ठेवतो : टाच, गुडघा, मनगट दुखलं किंवा मूल लंगडलं तर पुढचा डोस थांबवून फोन करा. आणि दुधाबरोबर अजिबात नाही. डॉक्सीत दूध चालून जातं, सिप्रोत ते जवळपास तिसरा हिस्सा औषध अडवतं.

दुसरी, औषधांना न जुमानणारा क्षय. तिथे लेव्होफ्लोक्सासिन हाच पाया, किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅम, कित्येक महिने. घरात तशा क्षयाचा मोठा माणूस असेल तर निरोगी मुलालाही सहा महिने रोज लेव्होफ्लोक्सासिन द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सांगितलं. सांध्यांची भीती खरंच तेवढी मोठी असती, तर कुणी सहा महिने दिलं नसतं.

विनायक_काका
हं. म्हणजे बंदी औषधावर नाही, कारणाशिवाय देण्यावर.

दंतकथा
काका, असं म्हणून सगळ्यांनी डॉक्सीच्या गोळ्या घरात ठेवू नका म्हणजे झालं.

मेडिकलवाली_सुखलिया
तिसऱ्या दिवशीची खबर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच ताप ९९ वर आला. लोह बंद केलंय, सिरिंजने ६ मिली जमतंय. पण आज बाप विचारतोय, "ताप गेला, आता चार दिवसांत बंद करू का? दात वाचतील."

बालरोग_इंदूर
नको. लिहिलेले सात दिवस पूर्ण करा. फार लवकर थांबवलं तर ताप उलटतो, मग दुसरा कोर्स, म्हणजे दातांवर औषध दुप्पट. आणि घरातल्या बाकीच्या मुलांच्या काखा-जांघा एकदा उजेडात बघायला सांगा, शेत तेच आहे.

मेडिकलवाली_सुखलिया
सांगितलं. धाकटीच्या कानामागे काहीतरी काळं आहे म्हणतायत. उद्या सकाळी तिला दाखवायला नेतायत.